ब्रॅकेट तोट्यात की बॉक्स? एका छोट्या शीट मेटल युनिटचं कॉस्टिंग शीट करताना

मी कॉस्टिंगची कामं करते, बहुतेक छोट्या युनिटची, जिथे खरेदीही मालकच बघतो आणि कस्टमरला रेटही तोच देतो. अशाच एका शीट मेटलच्या युनिटचं पर पीस कॉस्टिंग शीट करायचं काम माझ्याकडे आलं. मालकांचं म्हणणं असं होतं की काम भरपूर आहे, मशिनी चालू असतात, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, उलट थोडे खिशातूनच जातात. आणि त्यांच्या जुन्या शीटप्रमाणे ब्रॅकेट तोट्यात दिसतोय, तर तो बंद करून बॉक्सच वाढवावा का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

माल दोनच प्रकारचा. एक भिंतीवर लावायचा साधा ब्रॅकेट, महिन्याला १२,००० नग, विक्री ४२ रुपये. दुसरा झाकणाचा पॅनेल बॉक्स, महिन्याला ८०० नग, विक्री ४५० रुपये. जुन्या शीटमध्ये मटेरियल घ्यायचं, त्यावर अंदाजे लेबर टाकायची आणि मग मटेरियलच्या ४५.४५ टक्के ओव्हरहेड, म्हणजे भाडं, लाइटसारखे वरखर्च, लावायचे, की झालं. हा ४५.४५ टक्के आला कुठून, तर महिन्याचे ओव्हरहेड २,४०,००० आणि महिन्याचं मटेरियल ५,२८,०००, यांचा भागाकार. बेरजेला हे बरोबरच आहे, सगळे ओव्हरहेड वसूल झालेले दिसतात. प्रश्न असा की ते कुठल्या मालावर किती बसतात आणि का बसतात.

आधी मटेरियल. इथे बऱ्याच ठिकाणी तयार पीस काट्यावर ठेवतात, आलेल्या वजनाला रेटने गुणतात आणि पुढे जातात. ब्रॅकेटचा तयार पीस ३४० ग्रॅमचा, पत्रा ७० रुपये किलो धरला तर २३.८० रुपये येतात. पण आपण पीस विकत घेत नाही, पत्रा घेतो. २५०० बाय १२५० चा २ एमएमचा पत्रा साधारण ४९.०६ किलो भरतो. ब्रॅकेटचा ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधीचा कापलेला तुकडा, ३०० बाय ८० चा, त्यात कटिंगचं मार्जिन धरून पट्टी ३०६ ची आणि पिच, म्हणजे एका ब्लँकपासून पुढच्या ब्लँकपर्यंतचं अंतर, ८३ चा. मग एका पत्र्यात किती ब्लँक बसतात ते शीटमध्ये असं लिहायचं:

```
=ROUNDDOWN(1250/306,0)*ROUNDDOWN(2500/83,0)
```

उत्तर १२०. ROUNDDOWN महत्त्वाचं आहे, कारण अर्धा ब्लँक कुणी बनवत नाही आणि उरलेली पट्टी भंगारातच जाते. ४९.०६ भागिले १२० म्हणजे पीसमागे ४०९ ग्रॅम पत्रा लागतो, ३४० नाही. त्याचे २८.६२ रुपये, त्यातून भंगाराचे पैसे वजा, ६९ ग्रॅम ३० रुपये किलोने म्हणजे सुमारे २ रुपये, राहिले २६.५५. कोटिंगच्या पावडरचे १.४५ धरले की मटेरियल बरोबर २८ रुपये. वजनाच्या हिशोबात आणि पत्र्याच्या हिशोबात पीसमागे पावणेतीन रुपयांचा फरक पडतो, बारा हजार नगांवर तो किती होतो ते बघा. या युनिटमध्ये मालक खरेदीच्या बिलांना नगांनी भागून आकडा काढत होते म्हणून त्यांचा आकडा जवळपास बरोबर होता, पण त्या पद्धतीत पत्र्याची साइज बदलली तर काय होईल ते आधी कळत नाही, लेआउटवरून काढलं की कळतं. बॉक्सचं मटेरियल याच पद्धतीने पत्रा, पावडर, लॉक, बिजागरी आणि गॅस्केट मिळून २४० रुपये आलं.

मग लेबर. कामगारामागे महिन्याला पगार १८,००० आणि तो हजर असतो २०० तास, म्हणून तासाला ९० रुपये, असं जुन्या शीटमध्ये होतं. पण पगाराखेरीज सुट्टीचे पैसे, बोनसचा महिन्याचा हिस्सा, त्याच्यासाठी युनिटला भरावी लागणारी रक्कम हे सगळं धरलं तर खर्च २२,००० होतो. आणि २०० तासांतले रजा, चहा, माल येईपर्यंत थांबणं, साफसफाई हे तास काढले तर मालावर खरंच लागणारे तास १६० राहतात. २२,००० भागिले १६० म्हणजे तासाला १३७.५०, मिनिटाला २.२९. आता यात एक जागा अशी आहे की जिथे हमखास गडबड होते. त्या ४० वाया तासांत डाय, म्हणजे प्रेसवरचा साचा, बदलण्याचा वेळ टाकायचा नाही. तो वेळ आपण पुढे सेटअप म्हणून प्रत्येक बॅचवर वेगळा लावणार आहोत, म्हणून तो १६० च्या आतच राहू द्यायचा, नाहीतर एकच वेळ दोनदा मोजला जातो आणि छोट्या बॅचचा माल उगाच महाग दिसतो.

मिनिटं मात्र ऑफिसात बसून काढता येत नाहीत. मी प्रेसजवळ उभी राहून फोनच्या स्टॉपवॉचवर मोजली. प्रेसवरच्या काकांना आधीच सांगितलं की तुमचा स्पीड तपासायला नाही आले, रेट काढायला आलेय, नाहीतर माणूस मोजणी चालू असताना भराभर चालवतो आणि आकडा खोटा येतो. ब्रॅकेटला पट्टी कापण्यासकट प्रेसचे ०.९ मिनिट लागतात. बॉक्सला ४ मिनिटं, कारण भोकं, खाचा, कडा वळवणं अशी ऑपरेशन बरीच. आणि सेटअप बघायला थांबले तेव्हा या सगळ्या कॉस्टिंगची खरी गोष्ट तिथे दिसली. जुनी डाय सोडायची, नवी चढवायची, शट हाइट जमवायची, खाली शिम म्हणजे पातळ पट्ट्या घालायच्या, मग एक पीस काढायचा, व्हर्नियर लावायचा, बेंड अर्धा डिग्री कमी, परत शिम, परत पीस. काका म्हणाले, "मॅडम, चाळीस बॉक्स काढायला जेवढा वेळ लागतो ना, जवळपास तेवढाच वेळ डाय बसवण्यात जातो."

मोजून पाहिलं तर अगदी तसंच निघालं. बॉक्सच्या एका बॅचला सगळे सेटअप मिळून १५० मिनिटं जातात आणि बॅच असते ४० ची. म्हणजे प्रत्येक बॉक्सवर ३.७५ मिनिटं सेटअप आणि ४ मिनिटं प्रत्यक्ष काम, एकूण ७.७५. ब्रॅकेटला बॅचमागे ९० मिनिटं सेटअप, पण बॅच २,००० ची, म्हणून पीसवर ०.०४५ मिनिट, जवळजवळ शून्यच. जुन्या शीटमध्ये सेटअप नावाचा कॉलमच नव्हता.

पुढे बॉक्सला स्पॉट वेल्डिंग आणि असेंब्लीत २० मिनिटं लागतात, ब्रॅकेटला वेल्डिंगच नाही. कोटिंगला एक रॅक भरून, पावडर मारून, ओव्हनमध्ये लावून उतरवायला माणसाचे १५ मिनिटं जातात. रॅकवर ब्रॅकेट ६० बसतात आणि बॉक्स ४, कारण बॉक्सला आतूनही पावडर मारायची असते आणि गन आत जायला जागा सोडावी लागते. सगळी मिनिटं मिळून ब्रॅकेटची १.१९५ आणि बॉक्सची ३१.५. लेबर झाली ब्रॅकेटवर २.७४ रुपये आणि बॉक्सवर ७२.१९.

आता ओव्हरहेड, याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. २,४०,००० मध्ये भाडं, लाइट, सुपरवायझर, घसारा, मेंटेनन्स, ऑफिस असं सगळं आहे. हे थेट मालावर टाकायचे नाहीत, आधी तीन सेक्शनवर टाकायचे: प्रेस, वेल्डिंग आणि कोटिंग. भाडं जागेच्या मापावर, घसारा त्या त्या सेक्शनच्या मशिनीवर, सुपरवायझर माणसांच्या संख्येवर. लाइटचं भांडण असतं कारण मीटर एकच. मशिनीच्या पाटीवरचा किलोवॅट आणि चालण्याचे तास यांच्या गुणाकाराने वाटणी करतात, पण प्रेसची मोटर काही पूर्णवेळ फुल लोडवर नसते आणि ओव्हनचे हीटर तापमान गाठेपर्यंत जवळपास फुल खेचतात, त्यामुळे नुसत्या पाटीवर गेलं तर ओव्हनवर कमी पडते आणि प्रेसवर जास्त. आम्ही साधा उपाय केला. एका सुट्टीच्या दिवशी फक्त ओव्हन चालू ठेवून नेहमीएवढे रॅक काढले आणि आधीचं-नंतरचं रीडिंग लिहून घेतलं. त्यावरून कोटिंगचा वाटा मिळाला, उरलेला बाकी दोघांत पाटीच्या हिशोबाने वाटला.

वाटणी झाल्यावर प्रेसवर ९०,०००, वेल्डिंगवर ६४,००० आणि कोटिंगवर ८६,००० आले. आता प्रत्येक सेक्शनला त्याचं स्वतःचं माप लावायचं, म्हणजे त्या सेक्शनमध्ये कशामुळे जागा अडते ते बघायचं. प्रेसला मशिनचे तास, वेल्डिंगला माणसाचे तास, कोटिंगला रॅक. कोटिंगला काही लोक किलो लावतात, पण ओव्हनला वजन किती याने फार फरक पडत नाही, एक रॅक भरला की भरला, मग त्यावर ६० ब्रॅकेट असोत की ४ बॉक्स.

भागायचं कशाने, तर नेहमीच्या क्षमतेने. या महिन्यात प्रत्यक्ष जेवढं काम झालं त्याने नाही. प्रेसची नेहमीची क्षमता ब्रेकडाउन वजा जाऊन ३०० तास, वेल्डिंगची ३२० तास, कोटिंगची ४३० रॅक. रेट निघाले प्रेस ३०० रुपये तास, वेल्डिंग २०० रुपये तास, कोटिंग २०० रुपये रॅक. प्रत्यक्ष तासांनी भागलं तर काय होतं, ज्या महिन्यात काम कमी त्या महिन्यात रेट चढतो, मालक कस्टमरला भाव चढवून सांगतात, ऑर्डर जाते, पुढच्या महिन्यात तास अजून कमी आणि रेट अजून वर. आयएएस २ या स्टॉकच्या आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये सुद्धा स्टॉकच्या किमतीत उत्पादनाचे फिक्स्ड ओव्हरहेड धरताना नॉर्मल क्षमतेचाच आधार सांगितलाय आणि न बसलेला खर्च त्या त्या काळातच खर्ची टाकायला सांगितलाय. (ऑफिसचा सर्वसाधारण खर्च तिथे स्टॉकमध्ये धरत नाहीत, म्हणून वर्षअखेरीच्या स्टॉकसाठी तो कॉलम वेगळा काढता येईल असा ठेवला. रेट काढताना मात्र तो धरावाच लागतो, कारण कुठून तरी वसूल व्हायला पाहिजे.)

शीटमध्ये प्रेसचा ओव्हरहेड असा बसतो. C6 मध्ये पीसची मिनिटं, C7 मध्ये बॅचचा सेटअप, C8 मध्ये बॅच साइज, आणि Rates नावाच्या शीटमध्ये B2 ला प्रेसचा तासाचा रेट:

```
=(C6+C7/C8)/60*Rates!B2
```

ब्रॅकेटला प्रेसचे ४.७३ आणि रॅकचा साठावा हिस्सा ३.३३, मिळून ८.०६ रुपये. बॉक्सला प्रेसचे ३८.७५, वेल्डिंगचे ६६.६७ आणि रॅकचा चौथा हिस्सा ५०, मिळून १५५.४२ रुपये.

आता सगळं जोडून बघू. ब्रॅकेट २८ अधिक २.७४ अधिक ८.०६, म्हणजे ३८.८०. विक्री ४२, पीसमागे ३.२० उरतात. बॉक्स २४० अधिक ७२.१९ अधिक १५५.४२, म्हणजे ४६७.६१. विक्री ४५०, पीसमागे १७.६१ जातात. हेच मटेरियल आणि हीच लेबर घेऊन ओव्हरहेड मात्र जुन्या पद्धतीने मटेरियलच्या टक्क्यात लावले तर ब्रॅकेट ४३.४७ ला पडतो आणि बॉक्स ४२१.२८ ला, म्हणजे चित्र बरोबर उलटं. कारण दोनच. ब्रॅकेटमध्ये पत्रा भरपूर आणि काम थोडं, टक्क्याच्या पद्धतीत जास्त पत्रा म्हणजे जास्त ओव्हरहेड, म्हणून ब्रॅकेट बॉक्सचं भाडं आणि लाइट भरत होता. आणि दुसरं म्हणजे तो सेटअप, जो कुठेच दिसत नव्हता.

मालकांनी शीट बघितलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे बॉक्स बंद करू?"

इथे थांबायला हवं, कारण या शीटचा सगळ्यात चुकीचा वापर हाच आहे. बंद करायचं की नाही हे पीसच्या पूर्ण कॉस्टवरून ठरत नाही. बंद केल्यावर खरोखर कुठला खर्च थांबणार आहे ते बघावं लागतं. बॉक्सच्या ४५० मधून मटेरियल २४० गेलं तर २१० राहतात, ८०० नगांचे १,६८,०००. ब्रॅकेटच्या ४२ मधून २८ गेले तर १४ राहतात, १२,००० नगांचे तेही १,६८,०००. दोन्ही मिळून ३,३६,०००. त्यातून पाच कामगारांचे १,१०,००० आणि ओव्हरहेड २,४०,०००, असे ३,५०,००० भागवायचे आहेत. महिन्याला १४,००० कमी पडतात, मालक म्हणत होते ते खिशातून जाणारे पैसे हेच. दोन्हीपैकी कुठलाही माल बंद केला आणि भाडं, पगार, घसारा तसाच राहिला तर खड्डा १,८२,००० चा होतो. जुनं शीट मानून ब्रॅकेट बंद केला असता तर तेच झालं असतं, आणि नवीन शीट बघून बॉक्स बंद केला तरी तेच.

मग शीटचा उपयोग काय, तर रेट आणि बॅच ठरवायला. C8 मध्ये ४० च्या जागी १२० टाकून बघितलं. सेटअप पीसमागे ३.७५ वरून १.२५ मिनिटांवर येतो, त्यातून लेबरचे ५.७३ आणि ओव्हरहेडचे १२.५० कमी होतात आणि बॉक्स ४४९.३८ ला पडतो. ४५० ला जेमतेम निघतो. म्हणजे तोटा बॉक्समध्ये आहे असं म्हणण्यापेक्षा चाळीसच्या बॅचमध्ये आहे असं म्हणायला हवं.

पण हेही मालकांना तिथल्या तिथे सांगितलं की शीटवर वाचलेले हे १८ रुपये लगेच बँकेत दिसणार नाहीत. बॅच मोठी केली तर महिन्याला प्रेसचे सुमारे ३३ तास मोकळे होतात, पण भाडं आणि पगार तेवढाच जातो. त्या तासांत दुसरा माल काढून विकला तरच पैसे येतात. प्रेस ३०० पैकी २९२ तास आधीच भरलेली होती, नवीन ऑर्डर घ्यायला जागाच नव्हती, म्हणून या युनिटसाठी ३३ तासांना किंमत आहे. जिथे प्रेस अर्धा वेळ रिकामी असते तिथे बॅच मोठी करून नुसता गोडाऊनमध्ये माल साचेल आणि पत्र्यात पैसे अडकतील.

शेवटी ठरलं ते असं की बॉक्सचे दोन रेट. ४० च्या ऑर्डरला ५००, आणि १२० एकदम घेतले तर ४७०. ब्रॅकेटचा रेट तसाच ठेवायचा, हातात आलेलं गिऱ्हाईक सोडायचं नाही. काही कस्टमरने दोन-तीन महिन्यांची ऑर्डर एकत्र करून दिली, काहींनी ५०० मान्य केले, एक जण गेला. त्यांच्याशी बोलताना मालकांना सेटअपचा आकडा दाखवता आला, नुसतं "महागाई वाढली" म्हणावं लागलं नाही, याचं त्यांना जास्त समाधान होतं असं मला वाटलं.

एक गोष्ट मी कुठल्याही शीटमध्ये घालतेच, ती म्हणजे हिशोबाच्या वहीशी ताळा. प्रत्येक मालाची पीस कॉस्ट गुणिले महिन्याचे नग, सगळ्याची बेरीज:

```
=SUMPRODUCT(D2:D20,E2:E20)
```

इथे ती सुमारे ८,३९,६०० आली. वहीतला खर्च ८,७८,०००. फरक साधारण ३८,४००. हा फरक शून्य यायला हवा असं नाही, पण त्यातल्या प्रत्येक रुपयाचं नाव सांगता यायला हवं. इथे निम्मा, १९,४०० च्या आसपास, कामगारांच्या रिकाम्या तासांचा, त्यात सगळ्यात जास्त कोटिंगवरच्या माणसाचा, कारण त्याचे १६० तासांपैकी १०० च भरतात. उरलेला १९,००० क्षमता पूर्ण न वापरल्याचा, त्यात सर्वात मोठा भाग वेल्डिंगचा, ३२० पैकी २६७ तास. समजा फरक उलटा आला, म्हणजे शीटची बेरीज वहीपेक्षा जास्त, तर बहुधा काहीतरी दोनदा मोजलंय, सेटअप किंवा सुपरवायझर. आणि फरक फारच मोठा असेल तर मिनिटं कमी लिहिली गेलीत, परत स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं.

आता ते शीट मालकांचा मुलगा सांभाळतो. पत्र्याचा आणि भंगाराचा रेट दर खरेदीला बदलायचा, सेक्शनचे रेट वर्षातून एकदा किंवा भाडं-पगार बदलला की, आणि मिनिटं डाय बदलली किंवा नवीन माणूस आला की. पावडरचा आकडा अजून पक्का नाही, सध्या डब्यांच्या खपाला एकूण कोटिंग एरियाने भागून धरलाय, त्यात रंग बदलताना उडालेली पावडर पण दोन्ही मालांवर सारखी पडते आणि रंग बदलतात ते बॉक्ससाठीच. त्यामुळे पुढच्या वेळी रंग बदलण्याचा खर्च सेटअपसारखाच बॅचवर टाकायचा आहे, त्यासाठी मुलगा आता प्रत्येक रंगबदलाच्या आधी आणि नंतर डबा काट्यावर ठेवतो.